तहकूब सभा दोन रविवारी झाली: इतिवृत्त एकच लिहायचं की दोन? आणि राहिलेल्या विषयांसाठी परत नोटीस लागते का?

सोनचाफा (१३ ऑक्टोबर, रात्री ९.४०)

नमस्कार. आमची २४ सभासदांची गृहनिर्माण सोसायटी चिपळूणला आहे. जूनपासून मी सचिव आहे. आधीच्या सचिवांनी मनापासून मदत केली असती, पण जुनी इतिवृत्त पुस्तकं तळमजल्यावरच्या कपाटात होती आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात त्यांचा लगदा झाला. त्यामुळे तहकूब सभेचं इतिवृत्त कसं लिहितात याचा एकही नमुना माझ्यासमोर नाही.

घडलं ते असं. वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, १४ सप्टेंबरला सकाळी १० वाजता ठेवली होती. गणपतीला आलेले लोक नुकतेच मुंबईला परतले होते, त्यात पाऊस. साडेदहापर्यंत १४ जण जमले. नोटिशीत लिहिल्याप्रमाणे ११ वाजता त्याच जागी सभा सुरू केली. पहिले पाच विषय झाले. सहावा विषय गच्चीवर पत्र्याची शेड आणि त्यासाठी प्रत्येकी १८,००० रुपये वर्गणी, म्हणजे एकूण ४,३२,०००. त्यावर दीड तास चर्चा झाली. पावणेदोनला लाईट गेली, पावसाच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येईना. तेव्हा उरलेले विषय २८ सप्टेंबरला सकाळी १० वाजता घ्यायचे असं ठरलं. राहिले होते सहावा शेड, सातवा वॉचमनचा पगार आणि आठवा आयत्या वेळचे विषय.

२८ ला १७ जण आले. त्यात १० जण आधीचे, ७ नवे, बहुतेक मुंबईहून आलेले. शेडचा ठराव १२ विरुद्ध ५ असा मंजूर झाला. मग तिघं गाडी पकडायला निघून गेले. उरलेल्या १४ जणांत वॉचमनचा पगार मंजूर झाला आणि आयत्या वेळी एका सभासदाने पार्किंगचे दर वाढवायची सूचना मांडली, तीही मंजूर झाली.

आता जे सभासद दोन्ही दिवशी नव्हते त्यांच्यापैकी एकाने लेखी विचारलंय की २८ तारखेची नोटीस मला का नाही मिळाली, आणि पार्किंगचा विषय विषयपत्रिकेवर कुठे होता. इतिवृत्त अजून पुस्तकात उतरवलेलं नाही, माझ्याकडे कच्चं लिहिलेलं आहे. हे एकच इतिवृत्त करायचं की दोन? आणि त्या सभासदाचं म्हणणं बरोबर आहे का? मला हे नीट करायचंय, कुणावर अन्याय व्हायला नको.

स्पष्टबोला (१३ ऑक्टोबर, रात्री १०.१५)

ताई, एवढी काळजी करू नका. तहकूब सभेला कोरम लागत नाही आणि नोटीसही लागत नाही, हे सगळ्या सोसायट्यांना माहीत आहे. अध्यक्षांच्या परवानगीने कुठलाही विषय घेता येतो. तुमचा आठवा विषय तोच होता ना? मग पार्किंगही त्यात बसलं. दोन्ही दिवसांचं मिळून एक इतिवृत्त लिहा, तारीख १४ सप्टेंबर टाका, विषय संपला.

गच्चीवरचा_माणूस (१३ ऑक्टोबर, रात्री १०.५०)

आमच्याकडे रत्नागिरीत शेड टाकली तेव्हा नगर परिषदेची परवानगी घेतली नव्हती म्हणून नोटीस आली होती. तुम्ही आधी परवानगीचं बघा. पत्रा पावसाळ्यात आवाज करतो, खाली शीट घालून घ्या.

सोनचाफा (१३ ऑक्टोबर, रात्री ११.०५)

परवानगीचं लक्षात ठेवते, धन्यवाद. माझा प्रश्न मात्र इतिवृत्ताचा आहे. ठराव नीट नोंदला गेला नसेल तर वर्गणीच वसूल करता येणार नाही.

पायवाट (१४ ऑक्टोबर, सकाळी ७.२०)

मी दापोली तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत पाच वर्षं सदस्य होतो. सोसायटीचं मला फारसं कळत नाही, पण ग्रामसभेचं सांगतो, कारण आमच्याकडे वर्षातून एकदा तरी ग्रामसभा तहकूब होतेच. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी असेल तेवढी लागतात. भातलावणीच्या नाहीतर आंब्याच्या दिवसांत ती जमत नाहीत. मग सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणून काही लोक मुद्दाम पहिल्या सभेला येत नाहीत, दुसऱ्या सभेला आपली वीस माणसं घेऊन येतात.

पण त्याच नियमात दुसरी बाजूही आहे. तहकूब ग्रामसभेत नवा विषय घेता येत नाही, पहिल्या विषयपत्रिकेवरचेच घ्यावे लागतात. हा बांध नसता तर वीस माणसांनी गाव विकला असता. आमच्याकडे एकदा तहकूब सभेत पाखाडीच्या कामाची जागा बदलायचा ठराव घुसवला होता. ग्रामसेवकांनी तो लिहून घ्यायला नकार दिला आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला. तेव्हा त्यांच्यावर लोक चिडले होते, पण ते बरोबर होते.

जुनी_खतावणी (१४ ऑक्टोबर, सकाळी ११.३०)

सोनचाफा ताई, मी सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करण्यात ३१ वर्षं घालवली, त्यातली बरीच रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात. तुमची माहिती इतकी नीट दिलेली आहे की उत्तर देता येतं. खाली लिहितो ते तुमच्या सोसायटीने २०१४ चे आदर्श उपविधी स्वीकारले असतील असं धरून. तुमची प्रत उघडून ताडून बघा.

पहिली गोष्ट म्हणजे तुमची सभा दोनदा तहकूब झाली आहे, आणि दोन्ही वेळची कारणं वेगळी आहेत. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पहिली तहकुबी साडेदहाची. सर्वसाधारण सभेची गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यात कमी असेल ती संख्या. तुमचे २४ सभासद, म्हणजे १६. आले १४. अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब झाली. त्या तहकूब सभेची वेळ नोटिशीतच त्याच दिवशी नंतरची दिलेली असेल तर ती तेव्हा भरते. ती दुसऱ्या दिवसावर टाकायची असेल तर ७ दिवसांच्या आत नाही आणि ३० दिवसांच्या पुढे नाही. या तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नाही. स्पष्टबोला म्हणतात ते इथपर्यंत बरोबर आहे.

दुसरी तहकुबी पावणेदोनची. ती माणसं कमी पडली म्हणून नाही, काम उरलं म्हणून झाली. तिच्यासाठी उपविधीत वेगळी तरतूद आहे: विषयपत्रिकेवरचं सगळं काम त्या दिवशी होऊ शकलं नाही तर हजर सभासद ठरवतील त्या सोयीच्या तारखेला सभा पुढे ढकलता येते, फक्त मूळ सभेपासून ३० दिवसांच्या आत. १४ ते २८ म्हणजे १४ दिवस. शिवाय ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा आटोपली. तारीख तुम्ही चांगली निवडली.

आता मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पावणेदोनला सभा तहकूब करायचं अध्यक्षांनी एकट्याने जाहीर केलं की सभेने ठरवलं? आणि २८ ला आलेल्यांनी सह्या कुठे केल्या?

सोनचाफा (१४ ऑक्टोबर, दुपारी १.१०)

काका, खूप आभार. तहकुबीची सूचना १०४ नंबरच्या सभासदाने मांडली, हात वर करून ११ बाजूने, २ विरुद्ध. अध्यक्षांनी मत दिलं नाही. तारीख, वेळ, जागा तिथेच मोठ्याने सांगितली आणि त्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. तीन ज्येष्ठ सभासद ग्रुपवर नाहीत. विचारणा करणारे त्यातलेच एक.

सह्या इतिवृत्त पुस्तकातल्या उपस्थितीच्या पानावर आहेत. १४ तारखेच्या १४ सह्या होत्या. २८ ला जे सात नवे आले त्यांनी त्याच पानावर खाली १५ ते २१ अशा सह्या केल्या. आधीचे दहा जण म्हणाले आमची सही आहेच, म्हणून त्यांनी परत केली नाही.

जुनी_खतावणी (१४ ऑक्टोबर, दुपारी ४.४५)

तेच विचारायचं होतं. ते पान पाच वर्षांनी कुणी उघडलं तर काय वाचेल? वर तारीख १४ सप्टेंबर आणि खाली २१ सह्या. म्हणजे १४ तारखेला २१ माणसं हजर होती, गणपूर्ती १६, मग सभा तहकूब झालीच का? किंवा उलट: २८ ला फक्त सातच माणसं होती आणि १२ विरुद्ध ५ अशी मतं कुठून आली? खरी माणसं, खऱ्या सह्या, पण पान खोटं बोलतंय.

खाडाखोड करू नका, व्हाइटनर तर अजिबात नको. चौदाव्या सहीखाली आडवी रेघ मारा आणि बाजूला लिहा की अनुक्रमांक १५ ते २१ या सह्या २८ सप्टेंबर रोजी भरलेल्या तहकूब सभेच्या उपस्थितीच्या आहेत. खाली तुमची आणि अध्यक्षांची सही, आणि ज्या दिवशी हे लिहाल त्या दिवसाची तारीख. मागची तारीख टाकायची नाही. १४ तारखेच्या यादीतले जे दहा जण २८ लाही होते त्यांची नावं सदनिका क्रमांकासह २८ च्या इतिवृत्तात लिहा. शक्य असेल तर त्या दहा जणांकडून एका वेगळ्या कागदावर आजच्या तारखेने दुजोरा घेऊन तो फाईलला लावा.

पुस्तकात एक इतिवृत्त की दोन, तर सभा एकच आहे, बैठका दोन आहेत. म्हणून विषय क्रमांक आणि ठराव क्रमांक पुढे चालू राहतात, ते पुन्हा १ पासून सुरू होत नाहीत. पण प्रत्येक बैठकीची नोंद आपल्या तारखेखाली, आपल्या उपस्थितीसह, आपल्या सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळेसह वेगळी लिहायची. दोन्ही मिळून १४ तारीख टाकायची नाही. शेडचा ठराव २८ ला झाला, तर त्याची तारीख २८ च. उद्या कुणी वर्गणीवर व्याज कधीपासून असं विचारलं तर हीच तारीख बघतात.

सुरुवातीचा परिच्छेद साधारण असा होईल:

«रविवार दि. १४ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी १०.०० वाजता बोलावलेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेस सकाळी १०.३० पर्यंत एकूण २४ पैकी १४ सभासद उपस्थित होते. गणपूर्तीसाठी आवश्यक १६ ही संख्या पूर्ण न झाल्याने अध्यक्षांनी सभा तहकूब केली. सूचनापत्रात नमूद केल्याप्रमाणे तहकूब सभा त्याच ठिकाणी सकाळी ११.०० वाजता सुरू झाली.»

बहुतेक सचिव हा परिच्छेद गाळतात आणि सरळ «सभा ११ वाजता सुरू झाली» असं लिहितात. मग १४ माणसांत सभा कशी चालली याचं उत्तरच पुस्तकात राहत नाही.

पहिल्या बैठकीचा शेवट याहून जास्त जपून लिहायचा असतो. सहावा विषय कुठल्या पायरीवर थांबला ते सांगा.

सोनचाफा (१४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.३०)

शेडचा ठराव १०४ ने मांडला होता, ३०१ ने अनुमोदन दिलं. मग २०३ ने दुरुस्ती सुचवली की १८,००० एकदम न घेता दोन हप्त्यांत घ्यावेत. त्यालाही अनुमोदन मिळालं. मतदानाआधीच लाईट गेली. २८ ला आलेल्या मुंबईच्या एकांना वाटलं सगळं पहिल्यापासून मांडायला हवं. आणि त्यांनी लेखापरीक्षकाची नेमणूकही परत चर्चेला घ्यायची मागणी केली, म्हणाले आम्ही त्या दिवशी नव्हतो. अध्यक्षांनी नेमणुकीचं ऐकलं नाही, त्यावर ते बरेच नाराज झाले.

जुनी_खतावणी (१४ ऑक्टोबर, रात्री ९.२०)

अध्यक्षांनी बरोबर केलं. पुढे जातं ते फक्त न झालेलं काम. लेखापरीक्षकाच्या नेमणुकीचा विषय १४ तारखेलाच ठराव होऊन संपला. आदर्श उपविधीप्रमाणे झालेला ठराव बदलायचा किंवा रद्द करायचा असेल तर तो मंजूर झाल्यापासून सहा महिने जावे लागतात. चौदा दिवसांनी दुसरी माणसं जमली म्हणून तो उघडत नाही. त्यांची मागणी आणि अध्यक्षांचा निर्णय एका वाक्यात लिहा, नाहीतर ते म्हणतील माझं म्हणणं दाबलं.

सहावा विषय मात्र जिथे थांबला तिथूनच पुढे जातो. मूळ ठराव मांडलेला आहे, दुरुस्ती मांडलेली आहे, सूचक-अनुमोदक तेच. पुन्हा मांडायची गरज नाही. आधी दुरुस्तीवर मत, मग मूळ ठरावावर. नव्याने आलेल्या सात जणांना बोलायचा आणि मत द्यायचा पूर्ण हक्क, कारण ते सभासद आहेत आणि सभा अजून चालूच आहे. फक्त त्यांना काय झालं ते कळावं म्हणून सुरुवातीला पहिल्या बैठकीचा सारांश वाचून दाखवायचा.

शेवटाची नोंद अशी करता येईल:

«विषय क्र. ६ वर चर्चा चालू असताना दुपारी १.४५ वाजता वीजपुरवठा खंडित झाला व कामकाज चालवणे अशक्य झाले. मूळ ठराव (सूचक सदनिका १०४, अनुमोदक सदनिका ३०१) व त्यावरील दोन हप्त्यांची दुरुस्ती (सूचक सदनिका २०३) यांवर मतदान बाकी आहे. सभा तहकूब करून विषय क्र. ६, ७ व ८ साठी ती रविवार दि. २८ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी १०.०० वाजता याच ठिकाणी पुढे चालू करावी, अशी सूचना सदनिका १०४ यांनी मांडली. ११ विरुद्ध २ मतांनी मंजूर.»

दुरुस्तीचं अनुमोदन कोणी दिलं ते तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मी लिहिलं नाही. ते भरा.

गुहागरी (१५ ऑक्टोबर, सकाळी ९.०५)

मी कंपनी सेक्रेटरी आहे, डोंबिवलीला असते, मूळ गाव गुहागर. कंपन्यांत हे फार स्पष्ट आहे. सभा ३० दिवसांपेक्षा कमी काळासाठी तहकूब झाली तर किमान ३ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ३० दिवस किंवा त्याहून जास्त, किंवा बेमुदत तहकूब झाली तर मूळ सभेसारखीच नोटीस. आणि कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११६ मध्ये सरळ म्हटलंय की तहकूब सभेत मंजूर झालेला ठराव तो ज्या दिवशी खरंच मंजूर झाला त्याच दिवसाचा धरायचा, आधीच्या तारखेचा नाही. सोनचाफा, तुम्ही ३ दिवसांची नोटीस दिली नाहीत म्हणजे २८ ची बैठकच अडचणीत येईल असं मला वाटतं.

जुनी_खतावणी (१५ ऑक्टोबर, दुपारी १२.४०)

गुहागरी ताई, तारखेचा मुद्दा दोन्हीकडे सारखाच पडतो, तो तुम्ही पक्का केलात. पण ३ दिवसांची अट कंपन्यांची आहे, ती सहकारी सोसायटीला लावता येत नाही. आदर्श उपविधींत वार्षिक सभेला १४ पूर्ण दिवस आणि विशेष सभेला ५ पूर्ण दिवस सांगितलेत. काम उरलं म्हणून पुढे ढकललेल्या सभेला वेगळे दिवस सांगितलेले नाहीत. सभेतच तारीख, वेळ, जागा ठरली आणि जाहीर झाली, की हजर असलेल्यांना कळलं आणि सभा तीच असल्याने गैरहजर असलेल्यांना मूळ नोटीस मिळालेली होती, अशी समजूत आहे. तारीख न ठरवता सभा उठली असती तर मात्र मी नव्याने पूर्ण नोटीस काढायला सांगितली असती.

तरीही मी माझ्या प्रत्येक सचिवाला सांगायचो की सगळ्यांना एक सूचनापत्र पाठवा, त्यावर उरलेले विषय क्रमांकासह लिहा. जो माणूस हजरच नव्हता त्याला २८ ला काय होणार हे कळायला दुसरा मार्ग नाही. ग्रुपवरचा संदेश ग्रुपवर नसलेल्यापर्यंत पोचत नाही. तुमच्या त्या सभासदाची तक्रार नियमात कमी आणि माणुसकीत जास्त बसते, पण ती खरी आहे.

रापण (१५ ऑक्टोबर, रात्री ८.१०)

आमच्याकडे मालवणात काय झाला ता सांगतंय. मच्छीमार संस्थेच्या सभेत डिझेलच्या पैशांवरून भांडण पेटला. अध्यक्ष उठलो, म्हणालो सभा तहकूब, आणि पुस्तक काखोटीक मारून घराक गेलो. तारीख नाय, वेळ नाय. आमी ३० जण तसेच बसलेलो. एका जाणत्याने सांगितल्यान की सभा आमची, अध्यक्षाची नाय. मगे आमी दुसरो अध्यक्ष निवडलो, वहीच्या कागदार सगळा लिवला, सगळ्यांनी सह्यो केल्यो. दोन वर्सां झाली, अजून दोन इतिवृत्तां आसत, एक पुस्तकात आणि एक कागदार. आता खरा खंयचा?

जुनी_खतावणी (१५ ऑक्टोबर, रात्री ९.५५)

रापण दादा, गोंधळ इतका असेल की कामच चालत नाही तर अध्यक्ष थोड्या वेळासाठी थांबवू शकतो. पण सभा शांत बसलेली असताना, सभेला न विचारता, तारीख न देता उठून जाणं म्हणजे खुर्ची सोडणं. तेव्हा उरलेल्यांनी अध्यक्ष निवडून त्याच विषयपत्रिकेवर काम केलं असेल आणि गणपूर्ती टिकून असेल तर तुमच्या कागदाला वजन आहे. त्या दिवशी नक्की गोंधळ होता की नव्हता हे इथे बसून मला सांगता येणार नाही, आणि वाद त्याच गोष्टीवर ठरेल. तो कागद, सह्यांसकट, त्याच आठवड्यात निबंधक कार्यालयात आवक शिक्का मारून दिला होता का?

रापण (१५ ऑक्टोबर, रात्री १०.२०)

नाय. कपाटात आसा.

स्पष्टबोला (१६ ऑक्टोबर, सकाळी ८.३०)

खतावणी काका, तुमचं बाकी पटलं. तारखेबद्दल मी चुकलो. पण पार्किंग आठव्या विषयात का बसत नाही? आयत्या वेळचे विषय हा विषय विषयपत्रिकेवर होता, तो पुढे गेला, अध्यक्षांनी परवानगी दिली.

जुनी_खतावणी (१६ ऑक्टोबर, दुपारी २.१५)

आठवा विषय पुढे गेला हे बरोबर. पण त्याच्या दारातून काय आत येतं ते बघा. उपविधीत तो विषय अध्यक्षांच्या परवानगीने आहे आणि ज्याला रीतसर नोटीस लागते ते वगळून आहे. गणेशोत्सवाचा हिशोब वाचणं, कुणाचा सत्कार, जिन्यातला बल्ब, असल्या गोष्टी तिथे येतात. प्रत्येकाच्या खिशातून दरमहा जाणारे पैसे वाढवणं तिथे येत नाही. १४ तारखेला २४ च्या २४ जण हजर असते तरी मी हेच म्हटलं असतं. इथे तर तहकूब बैठक, त्यात मुंबईची तीन माणसं निघून गेलेली. ज्याला घरी बसून वाटलं की आज फक्त शेड आणि वॉचमन आहे, तो पार्किंगसाठी आला नाही, हा त्याचा दोष नाही.

सोनचाफा ताई, हा ठराव इतिवृत्तातून गाळू नका. जे घडलं ते लिहायचं, मंजूर झाला असंच लिहायचं. फक्त अमलात आणू नका आणि बिलात लावू नका. विशेष सर्वसाधारण सभा बोलवा, विषयपत्रिकेवर जुने दर आणि प्रस्तावित दर आकड्यांत लिहा. दिवाळीनंतर ठेवा. समजा रविवार, ९ नोव्हेंबर. ५ पूर्ण दिवस म्हणजे नोटीस पोचल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून. ४, ५, ६, ७, ८ असे पाच दिवस मोकळे हवेत, तर नोटीस ३ तारखेला प्रत्येकाच्या हातात पडलेली असली पाहिजे. मुंबईच्या पत्त्यांवर पोस्टाने जाणार असेल तर ऑक्टोबरातच टाका. ग्रुपवर नसलेल्या तिघांकडे स्वतः जा आणि पोच घ्या.

गुहागरी (१६ ऑक्टोबर, दुपारी ३.००)

पण काका, सहा महिन्यांच्या बंधनाचं काय? पार्किंगचा ठराव २८ सप्टेंबरला झालाय, नोव्हेंबरात परत आणला तर तो बदल नाही का होत?

जुनी_खतावणी (१६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.३०)

चांगला प्रश्न. तोच ठराव, तेच दर, रीतसर नोटिशीने पुन्हा सभेसमोर ठेवला आणि मंजुरी नव्या तारखेपासून घेतली, तर त्यात आधीचं काही बदललं किंवा रद्द केलं असं मी मानत नाही. पण सभेने ९ तारखेला दर नाकारले किंवा कमी केले, तर कुणीतरी सहा महिन्यांचा मुद्दा काढेल. माझं उत्तर असेल की मुळात नोटिशीवाचून झालेला ठराव धड ठरावच नव्हता. समोरचा ते मान्य करेलच असं नाही.

पायवाट (१६ ऑक्टोबर, रात्री ९.१०)

एक विचारू का? २८ ला तिघं गेल्यावर १४ उरले आणि त्यात वॉचमनचा पगार मंजूर झाला. गणपूर्ती १६. ती बैठक गणपूर्तीवाचून चालते का? तुम्हीच म्हणालात की ती तहकुबी माणसं कमी म्हणून झाली नव्हती.

जुनी_खतावणी (१७ ऑक्टोबर, सकाळी १०.००)

पायवाट दादा, मी हे मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण माझंच मन दोन बाजूंना जातं. शेडच्या वेळी १७ हजर होते, तो ठराव कुठल्याही वाटेने सुरक्षित आहे. वॉचमनचा प्रश्न राहतो.

एक वाट अशी की १४ तारखेला ११ वाजता जी सभा सुरू झाली तीच गणपूर्तीच्या अटीतून सुटलेली होती. २८ ची बैठक तिचाच पुढचा भाग, म्हणून तीही सुटलेली. मला ही वाट जास्त पटते. दुसरी वाट अशी की सूट गणपूर्तीअभावी झालेल्या तहकुबीच्या तरतुदीत दिलेली आहे, काम उरल्याच्या तरतुदीत नाही. सूट जिथे लिहिली तिथेच लागू करायची. असं म्हणणारे लेखापरीक्षक मी पाहिलेत आणि ते चुकीचे आहेत असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

इतिवृत्तात मात्र तिघं कधी गेले ते लिहाच: «दुपारी अमुक वाजता, विषय क्र. ६ चे मतदान झाल्यावर, तीन सभासद सभेतून गेले. त्यानंतर उपस्थिती १४.» हे लपवलं तर पुढे दोन्ही वाटा बंद होतात.

स्पष्टबोला (१७ ऑक्टोबर, सकाळी १०.४०)

आमच्या सोसायटीत तर पुढच्या बैठकीत आधी पहिल्या दिवसाचं इतिवृत्त वाचून कायम करतात आणि मग पुढे जातात. तसं करायला हवं होतं का?

जुनी_खतावणी (१७ ऑक्टोबर, दुपारी १.०५)

सभा संपलेलीच नसेल तर तिचंच इतिवृत्त तिच्यातच कायम कसं करणार? सारांश वाचायचा तो माहितीसाठी. दोन्ही बैठकांचं मिळून इतिवृत्त पूर्ण झालं की ते पुढच्या सर्वसाधारण सभेत नेहमीप्रमाणे समोर येईल. तुमच्या पद्धतीने काही बिघडत नाही, पण पहिल्या दिवशी नसलेल्या माणसांनी पहिल्या दिवसाची नोंद बरोबर आहे म्हणून हात वर करायचा, हे मला कधी पटलं नाही.

गुहागरी (१७ ऑक्टोबर, दुपारी १.३०)

इथे मी थोडी वेगळी आहे. पहिल्या बैठकीची नोंद तिथल्या अध्यक्षांनी लगेच सही करून बंद केलेली मला बरी वाटते. चौदा दिवसांत आठवणी बदलतात.

सोनचाफा (१० नोव्हेंबर, रात्री ८.५०)

उशीर झाला सांगायला. काल विशेष सभा झाली. १८ जण हजर होते. नोटिसा २४ ऑक्टोबरला पोस्टात टाकल्या आणि इथल्या सगळ्यांना हातोहात दिल्या. ग्रुपवर नसलेल्या तिघांच्या घरी मी गेले. ज्यांनी तक्रार केली होती त्यांनी पोचेवर सही केली, चहा दिला आणि म्हणाले, आता येतो. आले.

पायवाट आणि काकांचं वाचून वॉचमनचा पगारही विषयपत्रिकेवर परत घेतला, म्हणजे गणपूर्तीचा वाद उरत नाही. तो एकमताने झाला. पार्किंगचे दर चारचाकीसाठी मंजूर झाले, दुचाकीची वाढ सभेने नाकारली. आणि काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं: एका सभासदाने लगेच सहा महिन्यांचा मुद्दा काढला. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेतलंय. त्यांनी उपनिबंधक कार्यालयात अर्ज द्यायचं ठरवलंय. दुचाकीची वाढ सध्या बिलात लावलेली नाही.

उपस्थितीच्या पानावर रेघ मारून टीप लिहिली, खाली १९ ऑक्टोबरची तारीख घातली. दहापैकी नऊ जणांनी दुजोऱ्याच्या कागदावर सही केली. दहावे दुबईला मुलाकडे गेलेत, डिसेंबरात येतील.